गाडी त्यांनी रद्द केली, तिकीट तुम्ही रद्द करू नका

१४ जुलै २०२४ रोजी, रविवारी संध्याकाळी, कोकण रेल्वेवर खेडजवळ दिवाणखवटीला दरड कोसळली आणि मार्ग जवळजवळ एक दिवस बंद पडला. अशा वेळी सगळ्या गाड्यांचे एकच होत नाही. काही पूर्ण रद्द होतात, काही दुसऱ्या मार्गाने वळवल्या जातात, काही अर्ध्या वाटेवर संपवल्या जातात आणि उरलेल्या कित्येक तास उशिराने धावतात. प्रवाशाला मात्र या चारही गोष्टी एकच वाटतात: आपला प्रवास बुडाला. मग तो फोन काढतो, तिकीट उघडतो आणि ‘कॅन्सल’चे बटण दाबतो. पैशांचे नुकसान बहुतेक वेळा तिथेच होते. रेल्वे असो वा विमान, परताव्याचा सगळा हिशेब एका प्रश्नावर उभा असतो: प्रवास कोणी रद्द केला, त्यांनी की तुम्ही? त्यांनी रद्द केला असेल तर पूर्ण भाडे तुमचे. तुम्ही केला असेल तर सुटण्याच्या वेळेला किती तास उरले होते त्यानुसार कपात होते. बटण दाबताच नोंद तुमच्या नावावर जाते आणि नंतर कितीही चांगला अर्ज लिहिला तरी ती नोंद फिरवणे अवघड होऊन बसते. म्हणून परताव्याचा अर्ज कसा लिहावा याआधी तो कोणत्या परिस्थितीत, कोणत्या वाटेने आणि कधी करावा, हे समजून घ्यायला हवे.

रेल्वेचे नियम २०१५ च्या नोव्हेंबरपासून लागू झालेल्या तिकीट रद्द करणे व भाडे परताव्याच्या नियमावलीत आहेत. त्यातली पहिली परिस्थिती सगळ्यात सोपी आहे. गाडी सुरुवातीच्या स्टेशनापासून शेवटच्या स्टेशनापर्यंत पूर्ण रद्द झाली आणि तुमचे तिकीट ऑनलाइन काढलेले असेल, तर तुम्ही काहीही करायचे नसते. आरक्षण यंत्रणेत गाडी रद्द म्हणून नोंदली गेली की भाडे ज्या खात्यातून वा कार्डावरून भरले त्यावर आपोआप परत जाते. तिकीट काढताना घेतलेले सुविधा शुल्क आणि एजंटाची फी त्यात सहसा धरलेली नसते, म्हणून जमा झालेली रक्कम भरलेल्या रकमेपेक्षा थोडी कमी दिसली तर लगेच तक्रारीकडे वळू नका. आधी तिकिटावरचे भाडे आणि शुल्क वेगवेगळे पाहा. खिडकीवर काढलेल्या छापील तिकिटाचे मात्र असे होत नाही. ते तिकीट घेऊन गाडी सुटण्याच्या ठरलेल्या वेळेपासून तीन दिवसांच्या आत आरक्षण खिडकीवर जावेच लागते. घरात तिकीट ठेवून ‘पैसे येतील’ म्हणून वाट पाहणाऱ्याची मुदत तशीच निघून जाते. उलट ई-तिकीट घेऊन खिडकीवर रांग लावण्यात अर्थ नाही, तिथे त्याचे पैसे मिळत नाहीत.

खरी गफलत दुसऱ्या परिस्थितीत होते, गाडी रद्द झालेली नसते पण उशिराने असते तेव्हा. भाईंदरजवळच्या उत्तन गावातल्या लोकांना ही अडचण इतरांपेक्षा जास्त जाणवते, कारण गावात रेल्वे नाही. आधी बसने वा रिक्षाने भाईंदर स्टेशन गाठायचे, तिथून लोकलने बोरिवली, वसई रोड किंवा दादरला जायचे, आणि कोकणातली गाडी पनवेलहून असेल तर आणखी पुढचा टप्पा. सामान, म्हातारी माणसे आणि मुले घेऊन निघायचे तर गाडीच्या वेळेच्या कितीतरी आधी घर सोडावे लागते, आणि ‘जायचे की नाही’ हा निर्णय त्याहून आधी घ्यावा लागतो. त्या वेळी पडद्यावर गाडी फक्त उशिराने दिसत असते. समजा, चौघांच्या कुटुंबाचे पनवेल ते रत्नागिरी असे कन्फर्म ई-तिकीट आहे, गाडी रात्री दहाची आहे आणि संध्याकाळी सहा वाजता ती पाच तास उशिराने येणार असे दिसते. कुटुंबाने जायचे नाही असे ठरवले. इथे दोन दरवाजे आहेत. तिकीट रद्द करू गेले तर, गाडी सुटायला थोडेच तास उरलेले असल्याने, कपात जबर असते किंवा परतावा मिळतच नाही. दुसरा दरवाजा टीडीआरचा. गाडी तुमच्या चढण्याच्या स्टेशनवरून तीन तासांहून अधिक उशिराने सुटणार असेल आणि तिकिटावरच्या कोणीही प्रवास केला नाही, तर पूर्ण भाडे मिळण्याचा हक्क आहे. अट एवढीच की टीडीआर ती गाडी त्या स्टेशनवरून प्रत्यक्ष सुटण्याआधी भरला पाहिजे. वेळापत्रकात दहा वाजता सुटणारी गाडी जर पहाटे तीनला सुटणार असेल, तर तीनच्या आत. सकाळी उठून निवांत भरू म्हटले की हक्क गेला.

टीडीआर म्हणजे टिकट डिपॉझिट रिसीट. ई-तिकिटासाठी तो आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर वा अ‍ॅपवर तुमच्या काढलेल्या तिकिटांच्या यादीतून `File TDR` या पर्यायाने भरता येतो. तिकीट निवडायचे, प्रवासी निवडायचे आणि दिलेल्या यादीतून कारण निवडायचे. इथे भाषेपेक्षा कारणाची निवड निर्णायक ठरते. गाडी तीन तासांहून अधिक उशिराने आणि प्रवास केला नाही, हे एक कारण. गाडी वळवली आणि आपले स्टेशन लागले नाही, हे दुसरे. गाडी मुक्कामाच्या आधीच संपवली, हे तिसरे. शेवटच्या दोन्हींमध्ये गाडीवर ‘रद्द’ असा शिक्का सरसकट बसत नाही, त्यामुळे आपोआप परतावा येत नाही; ठरलेल्या मुदतीत टीडीआर भरावाच लागतो. चुकीचे कारण निवडले तर रेल्वे नोंदवही तपासते, तुमचे कारण तिथे सापडत नाही आणि अर्ज फेटाळला जातो. टीडीआरचा निर्णय आयआरसीटीसी घेत नाही. ती अर्ज संबंधित रेल्वे विभागाकडे पाठवते आणि तिथे गाडीची प्रत्यक्ष वेळ व तपासनिसाची नोंद पडताळली जाते. म्हणून दोन महिने किंवा त्याहून अधिक काळ लागला तरी नवल नाही. तपासनिसाच्या नोंदीत चौघांपैकी एकजण जरी प्रवास करताना दिसला, तर ‘कोणीही प्रवास केला नाही’ हा दावा तिथेच पडतो.

यावर कोणी म्हणेल की सगळ्या नोंदी रेल्वेकडेच असतात, मग आपण पुरावा कशाला जमवायचा? कारण वाद होतो तो नोंद असूनही. गाडी किती उशिराने होती हे सांगणारा पडदा दुसऱ्या दिवशी बदललेला असतो. म्हणून निर्णय घेतानाच गाडीच्या चौकशीच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात गाडी क्रमांक, तुमचे स्टेशन, उशीर आणि फोनवरची तारीख-वेळ दिसली पाहिजे. रेल्वेकडून आलेला एसएमएस पुसू नका. टीडीआर भरल्यावर मिळणारा क्रमांक लिहून ठेवा. पुढे अर्ज करावा लागला तर अर्जाचे बळ या तीन गोष्टींत असते, विशेषणांत नाही. ‘आमचे अतोनात हाल झाले’ या वाक्यावर कोणताही कारकून रक्कम मंजूर करू शकत नाही. ‘गाडी पनवेलहून रात्री १०.०० ऐवजी पहाटे ३.१० ला सुटली, टीडीआर रात्री ८.४० ला भरला’ या वाक्यावर करू शकतो.

मोबाइल नंबराची गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या, कारण गावोगावी तिकिटे अजूनही एजंटाकडून काढली जातात. अधिकृत एजंटाने काढलेल्या ई-तिकिटाचा परतावा एजंटाच्या खात्यात जातो, तुमच्या नाही. २०१९ च्या ऑक्टोबरपासून अशा परताव्यासाठी प्रवाशाच्या मोबाइलवर ओटीपी येतो, त्याबरोबर परताव्याची रक्कमही कळते, आणि तो ओटीपी एजंटाला दिल्यावर व्यवहार पुरा होतो. तुमच्या पैशाची तुम्हाला खबर लागावी म्हणूनच ही सोय आहे. पण तिकिटावर एजंटाने स्वतःचाच नंबर टाकला असेल, तर ओटीपीही त्यालाच येतो आणि ही सोय निकामी होते. म्हणून तिकीट हातात घेतानाच त्यावर आपला नंबर आहे ना, ते पाहा. विमानाच्या बाबतीत तर या नंबरावर भरपाई अवलंबून असते.

विमान प्रवासाचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, आदेशांत आहेत. तिथेही प्रश्न तोच आहे, फक्त त्याचे दोन भाग पडतात आणि कंपन्यांशी होणारा बहुतेक गोंधळ ते दोन भाग एकत्र केल्याने होतो. पहिला भाग परतावा. कंपनीने उड्डाण रद्द केले तर पर्यायी विमान घ्यायचे की पैसे, ही निवड प्रवाशाची असते. दुसरा भाग नुकसानभरपाई. कंपनीने सुटण्याच्या वेळेच्या चोवीस तास आधीपर्यंतही रद्द झाल्याचे कळवले नाही, तर परताव्याखेरीज भरपाई द्यावी लागते. एका तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्याहून लांबच्याला १०,०००. किंवा एकेरी मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांतली जी रक्कम कमी असेल ती. हवामान, सुरक्षा, हवाई वाहतूक नियंत्रण यांसारखी कंपनीच्या हाताबाहेरची कारणे असतील तर भरपाई मिळत नाही. तिकिटावर पुरेसा संपर्क दिलेला नसेल तरीही ती मिळत नाही. आता नेहमीचा आक्षेप येतो: ‘पावसामुळे विमान रद्द झाले, कंपनी म्हणते काही मिळणार नाही.’ पावसाने भरपाई जाते, परतावा नाही. न उडालेल्या विमानाचे भाडे ठेवून घेण्याचा हक्क पाऊस कोणालाच देत नाही.

याच आदेशांत आणखी एक महत्त्वाची तरतूद आहे. परताव्याची रक्कम पुढच्या प्रवासासाठी कंपनीकडेच जमा ठेवायची की नाही, म्हणजे ज्याला क्रेडिट शेल म्हणतात ते घ्यायचे की नाही, हे प्रवाशाने ठरवायचे आहे; कंपनीने ते आपोआप करायचे नाही. करोनाच्या टाळेबंदीत हा प्रश्न इतका पेटला की सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १ ऑक्टोबर २०२० च्या निकालात त्या काळापुरती वेगळी व्यवस्था लावावी लागली. ती टाळेबंदीच्या तिकिटांपुरतीच होती. आज कोणी तिचा दाखला देऊन पैशाऐवजी कूपन पुढे करत असेल तर ते मान्य करण्याचे कारण नाही. तिकीट एजंटाकडून वा एखाद्या बुकिंग अ‍ॅपवरून काढलेले असले तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच आहे, कारण एजंट हा तिचा नेमलेला प्रतिनिधी धरला जातो. ‘त्यांना विचारा’ आणि ‘यांना विचारा’ या खेळात अडकू नका. एकच पत्र कंपनीला लिहा आणि त्याची प्रत एजंटाला द्या.

आता एक प्रकरण आकड्यांसह पाहू. दोघांचे मुंबई-गोवा तिकीट, प्रत्येकी एकूण ४,२०० रुपये, त्यात मूळ भाडे आणि इंधन शुल्क मिळून ३,१०० आणि उरलेले कर व विमानतळ शुल्क. सुटण्याच्या आठ तास आधी कंपनीचा संदेश आला की ‘कार्यात्मक कारणास्तव’ उड्डाण रद्द. कुटुंबाने पर्यायी विमान घेतले नाही. परतावा सरळ आहे: ८,४००. भरपाईसाठी उड्डाणाचा काळ एक ते दोन तासांत येतो, म्हणून मर्यादा ७,५००; पण मूळ भाडे व इंधन शुल्क ३,१०० हे कमी आहे, म्हणून प्रत्येकी ३,१०० आणि दोघांचे ६,२००. ‘कार्यात्मक कारण’ हे शब्द पुरेसे नाहीत. हाताबाहेरचे नेमके कारण कोणते, हे कंपनीला लेखी सांगायला लावायचे. या सगळ्याचे पत्र इतके छोटे होते:

```
Subject: Refund, flight cancelled by airline, PNR ______

Flight ______, Mumbai to Goa, date ______, departure ______.
You cancelled this flight and informed us at ______ on ______,
about 8 hours before departure. We did not cancel the
booking and did not accept another flight.

Passengers: 2. Ticket nos.: ______. Paid: Rs 8,400,
by ______ (mode), on ______.

1. Refund Rs 8,400 to the original mode of payment.
   We do not accept a credit shell.
2. Pay compensation of Rs 6,200 under DGCA CAR, Section 3,
   Series M, Part IV, or state the exact reason in writing.

Attached: ticket, your message, payment proof.
```

तेच मराठीत असे होईल: ‘विषय: कंपनीने रद्द केलेल्या उड्डाणाचा परतावा, पीएनआर ______. महोदय, मुंबई ते गोवा हे दिनांक ______ चे ______ वाजता सुटणारे विमान क्रमांक ______ आपण रद्द केले. याची सूचना आम्हांस दिनांक ______ रोजी ______ वाजता, म्हणजे सुटण्याच्या सुमारे आठ तास आधी मिळाली. आम्ही स्वतः आरक्षण रद्द केलेले नाही आणि पर्यायी विमानही स्वीकारलेले नाही. प्रवासी दोन, तिकीट क्रमांक ______, भरलेली रक्कम ८,४०० रुपये, भरणा ______ द्वारे, दिनांक ______. ही पूर्ण रक्कम ज्या मार्गाने भरली त्याच मार्गाने परत करावी. क्रेडिट शेल आम्हांस मान्य नाही. तसेच डीजीसीएच्या नागरी विमान वाहतूक आवश्यकता, विभाग ३, मालिका एम, भाग ४ नुसार ६,२०० रुपये भरपाई द्यावी, अन्यथा रद्द करण्याचे नेमके कारण लेखी कळवावे. सोबत: तिकीट, आपला संदेश, भरण्याचा पुरावा.’ रेल्वेसाठी हाच साचा चालतो. विमान क्रमांकाच्या जागी गाडी क्रमांक व चढण्याचे स्टेशन, भरपाईच्या परिच्छेदाच्या जागी टीडीआर क्रमांक आणि तो भरल्याची वेळ. दोन्ही मसुद्यांत आकडे, तारखा आणि क्रमांक अक्षरशः सारखे असले पाहिजेत. पीएनआरचा एक अंक चुकला तरी पत्र दुसऱ्याच कोणाच्या फायलीला जाते.

दोन भाषा कशाला, असा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला जातो. एक बाजू म्हणते, मराठी पत्र वाचतो कोण? संविधानाचे ३५० वे कलम सांगते की केंद्राच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडताना संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. म्हणजे रेल्वेच्या कार्यालयात मराठी अर्ज देणे हा आपला हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. दुसरी बाजू म्हणते, मग इंग्रजी कशाला? खासगी विमान कंपनीवर हे कलम चालत नाही, तिचे तक्रार निवारण करणारी माणसे देशाच्या कोणत्याही टोकाला बसलेली असतात आणि परताव्याला उशीर होण्याचे निमित्त आपण का द्यावे? म्हणून कंपनीला इंग्रजी, रेल्वेला मराठी, आणि दोन्हींच्या प्रती घरात. तिकीट एकाच्या नावाने, पैसे दुसऱ्याच्या खात्यातून आणि पाठपुरावा तिसऱ्याने करायचा, असे कुटुंबात नेहमी घडते. ज्याला कार्यालयाचा फोन येणार त्याला आपण नेमके काय मागितले आहे हे आपल्या भाषेत ठाऊक असले पाहिजे.

उत्तर आले नाही तर पुढच्या पायऱ्या रेल्वे आणि विमानासाठी वेगळ्या आहेत. विमानाची तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, मग सरकारच्या एअरसेवा या यंत्रणेवर, आणि त्याबरोबरच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर नोंदवता येते. तरीही पैसे आले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणून उत्तनच्या रहिवाशाला ठाणे जिल्ह्याच्या आयोगाबाहेर जाण्याची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. रेल्वेच्या बाबतीत १३९ क्रमांकावर किंवा रेल मदतवर तक्रार नोंदवा. पण भाड्याच्या परताव्याचा कायदेशीर वाद १९८७ च्या कायद्याने रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे दिलेला आहे, हे विसरू नका. ग्राहक आयोगात गेल्यावर रेल्वेचा पहिला आक्षेप नेमका यावरच येतो.

दोन-चार हजारांसाठी इतकी खटपट कोण करणार, असे म्हणणारे भेटतील. त्यांचे म्हणणे न्यायालयाच्या पायरीपुरते समजू शकते. पण ज्या टप्प्यावर बहुतेकांचे पैसे बुडतात तो टप्पा न्यायालयाचा नसून गाडी सुटण्याआधीच्या काही तासांचा आहे, आणि तिथे करायचे काम फक्त एक स्क्रीनशॉट, एक टीडीआर आणि बटणापासून दूर ठेवलेले बोट इतकेच असते. पुढच्या प्रवासाचे तिकीट काढाल तेव्हा त्यावर स्वतःचा मोबाइल नंबर टाका, आणि गाडी किंवा विमान अडले तर ‘कॅन्सल’ दाबण्याआधी तिकिटाची स्थिती एकदा पुन्हा वाचा.